‘प्लीज चेक कर’ का खटकतं?

संध्याकाळचे ५:५२. पुण्यात खराडीतल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत एका प्रोग्रामरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात स्लॅकवरचा मेसेज उगवतो : ‘प्लीज जूनचा रिपोर्ट चेक कर. टोटल चुकतेय. क्लायंटला पाठवायचाय.’ पाठवणारा तिच्याच टीममधला, दोन खुर्च्या पलीकडे बसणारा. त्याच्या मनात अरेरावी औषधालाही नाही. ‘प्लीज’ लिहिलंय म्हणजे आपण नीट विचारलं, असंच तो धरून चालतो. तिच्या कपाळावर मात्र आठी पडते. हा कोण मला कामं सांगणारा?

प्रसंग नमुन्यादाखल घेतलेला आहे. पण ज्या ऑफिसात स्लॅक किंवा त्यासारखं दुसरं काही चालतं, तिथे असे मेसेज रोज ये-जा करतात. त्यात ना शिवी असते, ना टोमणा. तरीही मदतीची विनंती समोरच्याला हुकूम वाटते. असं का होतं?

याच माणसाने खुर्ची वळवून विचारलं असतं तर तो म्हणाला असता, ‘अगं, जरा रिपोर्ट बघतेस का? टोटल काही जुळत नाहीये.’ त्यातला ‘अगं’, तो ‘जरा’, शेवटी वर गेलेला आवाज आणि वैतागलेला चेहरा यांनी मिळून निम्मं काम केलं असतं. टाइप करताना, त्यातही अर्धं मराठी अर्धं इंग्रजी लिहिताना, हे सगळं गळून पडतं आणि उरतं फक्त क्रियापद. ते आज्ञार्थी असलं तर मेसेजही आज्ञार्थी होतो.

लिहिणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण स्वतःचा मेसेज वाचताना त्याला स्वतःचाच आवाज मनात ऐकू येत असतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नेमकं हेच तपासलं आणि निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने दुसऱ्याला कळवायची होती. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की सुमारे ७८ टक्के वेळा आपला सूर बरोबर ओळखला जाईल. आवाजात कळवलं तेव्हा तो अंदाज बराचसा खरा ठरला. ई-मेलने कळवलं तेव्हा मात्र सूर ओळखला गेला अवघ्या ५६ टक्के वेळा, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा थोडासाच बरा.

मग ‘प्लीज’चं काय? त्याने सूर सांभाळला जायला हवा होता. २०१३ मध्ये स्टॅनफर्डशी संबंधित संशोधकांनी विकिपीडियाचे संपादक आणि स्टॅक एक्स्चेंजवरचे प्रोग्रामर एकमेकांना करत असलेल्या दहा हजारांहून अधिक विनंत्या घेतल्या आणि त्या किती सभ्य वाटतात याचे गुण माणसांकडून भरून घेतले. वाक्याच्या मध्ये आलेलं ‘प्लीज’ सभ्य वाटत होतं; पण वाक्य ‘प्लीज’नेच सुरू झालं की गुण घसरत होते. त्याचं कारण समजायला अवघड नाही. सुरुवातीच्या ‘प्लीज’नंतर इंग्रजीत बहुतेकदा थेट क्रियापद येतं : हे कर, ते काढून टाक. तिथे ते हुकमावर चढवलेलं झाकण ठरतं. ‘काइंडली’चंही तसंच. आपल्याकडच्या सरकारी पत्रव्यवहारातून ऑफिसात आलेला हा शब्द परदेशातल्या सहकाऱ्याला बरेचदा नोटिशीसारखा वाचला जातो.

हा अभ्यास इंग्रजीचा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा मराठीला लावता येणार नाही. पण वर दिलेला मेसेज मराठी लिपीतला असला तरी त्याची घडण त्याच इंग्रजी साच्यातली आहे.

विनंतीचा भार कशाने वाढतो याचा विचार पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी १९७८ मध्ये मांडला. त्यांच्याजवळ इंग्रजीबरोबर मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्या शेजारची तमिळ या भाषांतली उदाहरणं होती. त्यांच्या मते तीन गोष्टी पाहायच्या : दोघांमधलं अंतर किती, अधिकार कोणाकडे जास्त, आणि मागणी मुळात केवढी. स्लॅकवर लिहिताना पहिल्या दोन गोष्टी एका मेसेजने बदलत नाहीत. तिसरी मात्र पूर्णपणे लिहिणाऱ्याच्या हातात असते, आणि बहुतेक जण नेमका तिचाच विचार करत नाहीत.

‘रिपोर्ट चेक कर’ याचा अर्थ काय? कोणता रिपोर्ट, त्यातलं काय, कितपत खोलात जाऊन? वाचणारीला हे कळायला मार्ग नाही, म्हणून ती सर्वांत मोठा अंदाज धरते : सगळं सोडून हे उपसत बसायचं, बहुधा आत्ताच, आणि ५:५२ ला. शिवाय रिपोर्टचा कोड तिचा असेल, तर ‘टोटल चुकतेय’ हे तिला ‘तू चुकलीस’ असंच ऐकू येतं. शब्द कितीही गोड केले तरी हे ओझं हलत नाही. त्यामुळे आधी मागणी छोटी करायला हवी, आणि त्यासाठी विचारणाऱ्याने स्वतः थोडं खणायला हवं.

समजा त्याने दहा मिनिटं खर्च केली. डॅशबोर्डवर जूनची बेरीज ४,१२,३०० दिसतेय, डाउनलोड केलेल्या रिपोर्टमध्ये ३,९८,७५०. फरक १३,५५० चा. तारखांचा फिल्टर दोन्हीकडे सारखाच आहे. त्याला शंका येते की डॅशबोर्ड रद्द झालेली बिलंही धरत असावा. आता तिला पूर्ण रिपोर्ट तपासायची गरजच उरत नाही, एका प्रश्नाचं उत्तर पुरतं. मेसेज असा होतो :

‘जूनची बिलांची बेरीज दोन ठिकाणी वेगळी येतेय : डॅशबोर्डवर ४,१२,३००, रिपोर्टमध्ये ३,९८,७५०. तारखांचा फिल्टर तपासला, तो सारखाच आहे. डॅशबोर्ड रद्द बिलंही धरतो का, एवढं सांगशील? उद्या दुपारी ३ ला क्लायंटला पाठवायचाय, त्यामुळे सकाळी कळलं तरी चालेल. रिलीजच्या गडबडीत असशील तर हे अजून कोणाला माहीत असेल तेवढं सांग.’

यात ‘प्लीज’ एकदाही नाही. मेसेज आधीपेक्षा चांगलाच लांब आहे, आणि स्लॅकवर थोडक्यात लिहावं असं मानणाऱ्यांना तो पाल्हाळ वाटेल. पण यातलं एकही वाक्य शोभेचं नाही. पहिली दोन वाक्यं सांगतात की विचारणाऱ्याने हात झटकलेले नाहीत. ‘वेगळी येतेय’ म्हटल्याने चूक कोणाची हा विषयच निघत नाही. ‘एवढं सांगशील?’ यातला ‘एवढं’ खरा आहे, कारण मागणी खरोखर एवढीशीच आहे. आणि शेवटच्या वाक्यात तिला नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली आहे, तीही अशी की नाही म्हणतानाही मदत करता यावी. हुकमात आणि विनंतीत फरक असेल तर तो इथे आहे. जिथे नकार देता येत नाही, तिथे कितीही मऊ शब्दांत सांगितलेलं काम हुकूमच असतं.

कारण सांगितल्याने काय होतं, याचा एलन लँगर यांचा १९७८ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कमध्ये झेरॉक्स मशीनवर उभ्या असलेल्यांना ‘मला आधी कॉपी काढू द्याल का?’ असं विचारलं गेलं. पाच पानांसाठी नुसतं विचारल्यावर ६० टक्के लोकांनी जाऊ दिलं. ‘मला घाई आहे’ म्हटल्यावर ९४ टक्क्यांनी. गंमत म्हणजे ‘कारण मला कॉपी काढायच्यात’ या पोकळ कारणानेही ९३ टक्के लोक तयार झाले. काहीही कारण जोडा आणि काम होतं, असा याचा सोयीस्कर अर्थ बरेच जण सांगतात. प्रयोगाचा उरलेला भाग ते गाळतात : पानं वीस झाल्यावर पोकळ कारणाचा काहीच फायदा झाला नाही. २४ टक्के लोकांनी जाऊ दिलं, कारण न देताही तेवढेच. खरं कारण दिलं तेव्हाच आकडा ४२ वर गेला. ‘अर्जंट आहे’ हे स्लॅकवरचं असंच पोकळ कारण. ‘उद्या ३ ला क्लायंटला पाठवायचाय’ हे खरं, कारण त्यावरून वाचणारीला आपलं काम मागेपुढे करता येतं.

दुसऱ्या टोकाला जाणारेही असतात. ‘सॉरी, खूप त्रास देतोय, अजिबात घाई नाही, वेळ मिळाला तरच, नाही जमलं तरी चालेल’ असं लिहायचं आणि मनात मात्र उद्या ३ ची वेळ धरून बसायचं. हा प्रकार हुकमापेक्षा वाईट. वाचणारी ते खरं मानून बाजूला ठेवते, दुसऱ्या दिवशी अडीचला घाबराघुबरा फोन येतो, आणि पुढच्या खेपेला त्या माणसाच्या ‘घाई नाही’वर कोणी विश्वास ठेवत नाही.

काही गोष्टी खास स्लॅकच्या. एंटर दाबला की मेसेज जातो, म्हणून ‘हाय’, मग ‘आहेस का?’, मग ‘एक काम होतं’ अशी तुकड्यातुकड्यांनी दारावर थाप पडत राहते. काम काय ते न कळता तिला ‘हो, बोल’ म्हणावं लागतं, आणि एकदा ‘हो’ म्हटलं की मागे फिरणं अवघड. शिफ्ट दाबून एंटर केलं तर नवी ओळ मिळते. सगळं एकाच मेसेजमध्ये जातं. दुसरी गोष्ट जागेची. वीस जणांच्या चॅनलमध्ये नाव टॅग करून विचारलं की साधा प्रश्नही जाहीर जाब वाटतो. उत्तर सगळ्यांच्या उपयोगाचं असेल तर चॅनलमध्ये विचारणं योग्यच, पण मग ‘हे कोणाला माहीत आहे?’ असं विचारावं. एकट्या तिलाच माहीत असेल तर तिला वेगळं लिहावं.

आणि वेळ. ‘ईओडीपर्यंत’ म्हणजे कोणाचा दिवस संपेपर्यंत? उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळचे ६ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ झालेले असतात. घड्याळातली वेळ लिहावी आणि ती कुठली तेही लिहावं. रात्री अकराला सुचलेला प्रश्न रात्री अकरालाच पाठवायचं कारण नाही. पाठवण्याच्या बटणाशेजारच्या बाणातून सकाळी साडेनऊची वेळ लावून ठेवता येते.

टीम लीड किंवा मॅनेजरने विचारलं तर मात्र हे सगळं थोडं लंगडं पडतं. त्यांचं ‘जमेल का?’ खालच्या माणसाला ‘जमव’ असंच ऐकू येतं. २०१३ च्या त्याच अभ्यासात विकिपीडियावर प्रशासक म्हणून निवडून आलेल्यांची भाषा निवडणुकीनंतर कमी सभ्य झालेली आढळली होती. वरिष्ठाला खरोखर विनंतीच करायची असेल तर त्याने बदल्यात काय बाजूला ठेवायचं तेही लिहावं : ‘हे घेतलंस तर टेस्टिंग सोमवारी केलं तरी चालेल.’ आणि ते काम करावंच लागणार असेल तर विनंतीचा आव न आणता सरळ तसं सांगावं. त्यात कमीपणा नाही.

उत्तर आलंच नाही तर? ‘एनी अपडेट?’ किंवा नुसतं प्रश्नचिन्ह म्हणजे वसुलीची भाषा. त्याच थ्रेडमध्ये सकाळी अकराला असं लिहिता येतं : ‘रद्द बिलांचं अजून नक्की झालेलं नाही. २ पर्यंत कळलं नाही तर रिपोर्टमधला आकडा धरतो आणि फरकाची टीप टाकून पाठवतो. यात काही चुकतंय असं वाटलं तर सांग.’ आता तिला काहीच केलं नाही तरी काम अडत नाही, आणि काही चुकत असेल तर एका ओळीत थांबवता येतं.