पाच लाख कुणाचे आणि कधी?

23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसीवर, निर्बंध घातले. सहा महिन्यांत मिळून फक्त एक हजार रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढत गेली, पण तोवर कुणाची शाळेची फी अडकली होती, कुणाचे ऑपरेशन. तेव्हा ठेव विम्याची मर्यादा एक लाख रुपये होती आणि 1993 पासून ती तशीच होती. पीएमसीचा गदारोळ झाल्यावर 4 फेब्रुवारी 2020 पासून ती पाच लाख झाली.

हा विमा रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे ठेव विमा आणि पत हमी महामंडळ देते. बँकेतले लोक त्याला डीआयसीजीसी म्हणतात. सरकारी, खासगी, ग्रामीण, स्मॉल फायनान्स आणि सहकारी, अशा सगळ्या बँका त्यात येतात. हप्ता बँक भरते, ठेवीदाराला एक पैसाही द्यावा लागत नाही. इथवर बहुतेकांना माहीत असते. घोळ होतो तो ‘पाच लाख’ कसे मोजायचे यात.

पाच लाख एका पावतीमागे नाहीत, एका खात्यामागे नाहीत आणि एका शाखेमागेही नाहीत. एका बँकेत, एका माणसाचे, एकाच हक्काने असलेले सगळे पैसे एकत्र धरतात. बचत, चालू, आवर्ती आणि मुदत ठेव यांची बेरीज होते आणि निर्बंधांच्या तारखेपर्यंतचे व्याजही त्यात मिळवतात. या बेरजेतले जास्तीत जास्त पाच लाख विम्यातून मिळतात.

समजा, एका दुकानदाराची एकाच सहकारी बँकेत दादर शाखेत चार लाखांची ठेव आहे आणि ठाणे शाखेत तीन लाखांची. बचत खात्यात साठ हजार आहेत, साचलेले व्याज पन्नास हजार. दुकानाच्या नावाच्या चालू खात्यात नव्वद हजार आहेत. दुकान एकट्याच्या मालकीचे असल्याने कायद्याच्या नजरेत ते खातेही त्याचेच. एकूण नऊ लाख झाले. त्याला पाच लाख मिळतील. दोन शाखांत ठेवी वाटल्याचा काही उपयोग नाही. उरलेले चार लाख बँकेच्या भवितव्याला बांधलेले राहतात. बँक अवसायनात गेली तर मालमत्ता विकून जे येईल त्यातून, आणि दुसऱ्या बँकेत विलीन झाली तर त्या योजनेत लिहिले असेल त्याप्रमाणे. पीएमसी जानेवारी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा मोठ्या ठेवीदारांच्या पाच लाखांवरच्या रकमेची परतफेड दहा वर्षांपर्यंत पसरवली गेली.

याच दुकानदाराची पत्नीबरोबर चार लाखांची संयुक्त ठेव असेल, तर ती वेगळी मोजतात आणि पूर्ण सुरक्षित राहते, कारण तिथे हक्क एकट्याचा नाही. अज्ञान मुलाचा पालक म्हणून किंवा भागीदारी पेढीच्या नावाने ठेवलेले पैसेही वेगळे धरले जातात. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला तरी ते वेगळ्या हक्काचे खाते मानतात. हा नियम खरा आहे, पण केवळ त्याच्या भरवशावर एकाच बँकेत पाच-सहा खाती उघडणे मला शहाणपणाचे वाटत नाही. बँक बंद झाली की ती सगळी एकाच दिवशी गोठतात.

कर्जाचे काय? दुकानदाराने त्याच बँकेतून एक लाखाचे सोनेतारण कर्ज घेतले असेल, तर बँक ते आधी ठेवीतून वळते करून घेऊ शकते. नऊ लाखांतून एक लाख वजा जाऊन आठ उरतात, त्यातले पाच विम्यातून मिळतात. ठेव मुळातच चार लाख असती, तर मात्र हाती तीनच आले असते.

आता ‘कधी’चा प्रश्न. पूर्वी परवाना रद्द होऊन बँक अवसायनात गेल्याशिवाय विम्याचे पैसे मिळत नसत. पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना रद्द व्हायला 2022 उजाडले. हे दुखणे ओळखून 2021 मध्ये कायदा बदलला. निर्बंध आल्यावर पंचेचाळीस दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी महामंडळाकडे द्यायची, मग तपासणी, आणि एकूण नव्वद दिवसांत पैसे. बँक वाचवण्याची बोलणी चालू असतील तर ही मुदत आणखी नव्वद दिवस वाढू शकते. त्यासाठी ठेवीदाराने संमतीचा अर्ज, केवायसीची कागदपत्रे आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यावा लागतो. ज्याचे दुसरीकडे खातेच नसते, त्याची तिथे पहिली धावपळ होते.

म्हणजे विमा रक्कम वाचवतो, पण मधले तीन महिने वाचवत नाही. पैसे वाटून ठेवताना बहुतेक लोक याचा विचार करत नाहीत. निवृत्त जोडप्याकडे वीस लाख असतील, तर पहिली काळजी पाच लाखांच्या मर्यादेची नसावी. सहा महिन्यांचा घरखर्च आणि दवाखान्याची रक्कम एका मोठ्या बँकेत, ठेवींपासून वेगळी असावी, ही असावी. पेन्शन तिथेच जमा व्हावी. बाकीची रक्कम दोन-तीन बँकांत पुरते. दहा बँकांत दहा पासबुके केली, की केवायसी राहून जाते, नामनिर्देशन अर्धवट राहते आणि एखादी पावती कपाटात विसरली जाते.

प्रत्येक ठिकाणी व्याजासाठी जागा सोडावी. पुनर्गुंतवणूक ठेवीत चार लाख रुपये सात टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, तीन वर्षांत सुमारे चार लाख त्र्याण्णव हजार होतात. म्हणजे चार लाखांची ठेव बरोबर मर्यादेच्या आत बसते. पाच लाखांची ठेव मात्र पहिल्याच व्याजाने बाहेर जाते. दर तिमाहीला व्याज दुसऱ्या बँकेच्या खात्यात वळवले, तर हा प्रश्न येत नाही.

विलीनीकरणाकडेही लक्ष हवे. कॅनरा आणि सिंडिकेट अशा दोन बँकांत कुणी पैसे वाटले असतील, तर 1 एप्रिल 2020 पासून ती एकच बँक आहे. वाटणी कागदावर तशीच राहते, विमा मात्र एकदाच मिळतो.

स्टेट बँकेसारख्या बँकेत पाच लाखांपेक्षा जास्त ठेवणारा माणूस वेडा नाही. अशा बँका सरकार बुडू देणार नाही, हा अंदाज व्यवहारात आजवर खरा ठरला आहे. पण तो अंदाज आहे, कायद्याने दिलेली हमी नाही. आसपासच्या बँकांपेक्षा दीड टक्का जास्त व्याज देणाऱ्या छोट्या बँकेत मात्र पाच लाखांची रेघ ओलांडू नये. तिथे ते जादा व्याज जोखमीचेच असते.

आणि महाराष्ट्रात हे वेगळे सांगावे लागते: पतसंस्था आणि ‘मल्टिस्टेट’ क्रेडिट सोसायट्या या बँका नव्हेत. काउंटर, पासबुक, पिग्मी एजंट सगळे बँकेसारखे असले तरी तिथल्या ठेवीला डीआयसीजीसीचा एक रुपयाचाही विमा नाही. ठेव ठेवण्याआधी दारावरच्या पाटीवर ‘बँक’ हा शब्द आहे का ते पाहा, आणि नाव डीआयसीजीसीच्या विमाधारक बँकांच्या यादीत शोधा. ही यादी त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली आहे.