पनीर चामट का होतं?

एक लिटर फुल क्रीम दुधाचं पनीर साधारण २०० ग्रॅम भरायला हवं. पनीर रबरासारखं झालं असं कुणी सांगितलं की मी आधी वजन विचारते. ते १५०-१६० ग्रॅम भरलं असेल, तर काय झालं असावं हे न चाखताही सांगता येतं.

हिशोब सोपा आहे. पिशवीतल्या फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे लिटरभर दुधात जवळपास ६० ग्रॅम. प्रथिनं साधारण ३५ ग्रॅम. दूध नासवलं की यातलं बहुतेक सगळं पनीरमध्ये उतरतं. थोडी दुधातली साखर आणि क्षार धरले तर घन भाग ९० ग्रॅमच्या आसपास होतो. २०० ग्रॅम पनीरमधले उरलेले ११० ग्रॅम पाणी असतं. म्हणजे चांगल्या पनीरमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. वजन १६० वर आलं असेल आणि निथळलेलं पाणी स्वच्छ असेल, तर घन भाग कुठेही गेलेला नाही. ४० ग्रॅम पाणी जास्तीचं निघून गेलं आहे. तेवढ्या पाण्याने मऊ पनीर चामट होतं. ते नेमकं कोणत्या पायरीला निघून जातं, हे कळलं की पनीर हातात आलं.

दुधातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. त्याचे अतिसूक्ष्म कण दुधात तरंगत असतात आणि प्रत्येकावर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. आम्ल घातलं की हा भार कमी होतो, कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. या जाळ्यात साय अडकते आणि पाणीही अडकतं. दूध थंड असताना हे घडायला बरंच आम्ल लागतं, गरम असताना कमी पुरतं. म्हणूनच पनीरसाठी गरम दुधात आम्ल घालतात. दूध आधी उकळण्यामागे आणखी एक कारण आहे. केसीनशिवाय दुधात विरघळलेली दुसरी प्रथिनं असतात. ती उष्णतेने उलगडतात आणि केसीनला जाऊन चिकटतात, त्यामुळे निवळीबरोबर वाहून न जाता पनीरमध्ये राहतात.

हे प्रथिनांचं जाळं तापत राहिलं की आवळत जातं आणि पोटातलं पाणी बाहेर ढकलतं. पिळल्या जाणाऱ्या स्पंजासारखं, फक्त एक फरक आहे: स्पंज पाण्यात टाकला की पुन्हा फुगतो, पनीर तसं फुगत नाही. एकदा घट्ट जुळलेले धागे पुन्हा सैल होत नाहीत.

घरी सर्वांत जास्त पाणी जातं ते इथेच. बहुतेकजण दूध खदखदत असताना लिंबू पिळतात आणि फाटल्यावरही ‘नीट फाटू दे’ म्हणून दोन-चार मिनिटं गॅस चालू ठेवतात. त्या उकळीत प्रत्येक गोळी आवळून कडक होते. दूध उकळलं की गॅस बंद करावा आणि साय धरू नये म्हणून अधूनमधून ढवळत पाच-सात मिनिटं थांबावं. जाड बुडाच्या पातेल्यात दूध जास्त वेळ गरम राहतं, तेव्हा घड्याळापेक्षा थर्मामीटर बरा. म्हशीच्या दुधाला ७० अंश सेल्सियसच्या आसपासचं तापमान योग्य मानतात. गाईचं दूध थोडं अधिक गरम, ८० च्या पुढेमागे असावं. त्याची जुळणी मुळात नाजूक असते, थंड पडलं तर गोळा धरत नाही. थर्मामीटर नसेल तर दूध खदखदणं पूर्ण थांबून नुसती वाफ निघत असावी, एवढं बघावं.

आता आम्ल. लिंबू, व्हिनेगर, दही की सायट्रिक ॲसिड, यावर पुष्कळ वाद होतात, पण चामटपणाच्या बाबतीत कोणतं आम्ल घेतलं यापेक्षा ते किती आणि कसं घातलं याला जास्त महत्त्व आहे.

लिटरभर दुधाला साधारण सव्वादोन ग्रॅम सायट्रिक ॲसिड लागतं, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा. ते एका मोठ्या कपभर, २००-२५० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवून घ्यावं. डेअरीतही साधारण १ टक्क्याचं असंच पातळ द्रावण वापरतात. ते पातळ का हवं? तीव्र आम्ल दुधात जिथे पडतं तिथलं दूध क्षणात कडक गोळ्यांत बदलतं आणि बाजूचं दूध तसंच राहतं. मग उरलेलं फाडण्यासाठी आणखी आम्ल जातं आणि आधीच्या गोळ्या दुप्पट सोसतात. पातळ द्रावण सगळीकडे सारखं पसरतं आणि किती घातलं यावर आपला हात राहतो.

लिंबाच्या रसात सायट्रिक ॲसिड ५-६ टक्के असतं, म्हणजे तेवढ्याच कामाला ४० मिलिलिटर, सुमारे तीन मोठे चमचे रस. रस तितक्याच पाण्यात मिसळून, गाळून घ्यावा. पण लिंबू ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून ‘दोन लिंबं’ असं प्रमाण लिहिण्यात अर्थ नाही. लिंबाचा वास पनीरला राहतो. भाजीत तो लपतो, मिठाईत जाणवतो. साधं पांढरं व्हिनेगर ४ टक्क्यांचं असेल तर तेही तीन चमचे पुरतं; त्याची तीव्रता बाटलीवर छापलेली असते, ही त्याची सोय. वास उग्र, पण पनीर थंड पाण्यात धुतलं की बराचसा जातो.

दही मला सर्वांत आवडतं. त्यातलं लॅक्टिक आम्ल सौम्य आणि विरळ असल्याने लिटरला कपभर तरी आंबट दही लागतं. ते घुसळून, थोडं पाणी घालून घ्यावं. आम्ल हळूहळू चढत असल्याने नवख्या हातून अतिरेक होत नाही आणि दह्याची स्वतःची प्रथिनंही पनीरमध्ये उतरतात. दही गोड असेल तर मात्र दूध अर्धवट फाटून तसंच राहतं. बंगालमधले मिठाईवाले छेना करताना आधीच्या खेपेची आंबवलेली निवळी वापरतात, तीही याच सौम्यपणासाठी. घरी हे सहज करता येतं. निवळी कोमट झाल्यावर तिच्यात चमचाभर दही घालून रात्रभर झाकून ठेवायची. ती छान आंबली की पुढच्या खेपेला आम्ल म्हणून चालते.

कोणतंही आम्ल असो, ते एका हाताने धारेने ओतावं आणि दुसऱ्या हाताने उलथन्याने तळापासून हलकेच दूध वर-खाली करावं. घोटू नये, घोटल्याने गोळ्या फुटतात आणि पाणी सुटतं. सगळं लक्ष निवळीच्या रंगावर हवं. ती दुधाळ असेपर्यंत थोडं थोडं आम्ल घालायचं आणि ती स्वच्छ हिरवट-पिवळी दिसली की हात थांबवायचा, द्रावण वाटीत उरलं तरी. हा हिरवट रंग दुधातल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा आहे. तो दिसला म्हणजे केसीन पाण्यातून पूर्ण बाहेर पडलं. त्यानंतर घातलेल्या आम्लाने नवं पनीर मिळत नाही. आहे त्याची पाणी धरायची ताकद घटते आणि ते कोरडं, रवाळ आणि आंबट होतं. हा चामटपणाहून वेगळा दोष आहे. जिभेला आंबट लागलं तर आम्ल जास्त झालं, आंबट न लागता दाताखाली करकरलं तर आच किंवा दाब जास्त झाला.

उलट निवळी शेवटपर्यंत दुधाळ राहिली आणि वजनही कमी भरलं, तर पाणी नव्हे, पनीरच वाहून गेलं आहे. आम्ल कमी पडलं असेल, दूध फार थंड झालं असेल किंवा ते टेट्रापॅकमधलं असेल. त्या दुधावर अतिउच्च तापमानाची प्रक्रिया झालेली असते आणि त्याचा घट्ट गोळा धरत नाही.

फाटल्यावर पातेलं न हलवता पाच-दहा मिनिटं झाकून ठेवावं, मग ओल्या मलमलच्या कापडात गाळावं. गाळल्यावर गोळा थंड होऊ न देता लगेच चौकोनी घडी घालून वजनाखाली ठेवावा, कारण कण गरम असतानाच एकमेकांना धरतात. २०० ग्रॅमची १० सेंटीमीटरची चौकोनी वडी साधारण दोन सेंटीमीटर जाड होते. तिला दोन-तीन किलो वजन वीस-पंचवीस मिनिटं पुरे. पाण्याने भरलेला छोटा कुकर चालतो. रात्रभर वरवंट्याखाली ठेवायची पद्धत काही घरांत आहे, तिने आणखी पाणी जातं आणि घट्टपणाऐवजी चिवटपणा पदरात पडतो. घट्टपणा आणायचा तो थंडीने. वडी पिण्याच्या गार पाण्यात दोन तास बुडवून ठेवली की आतला स्निग्धांश गोठतो आणि सुरीने स्वच्छ तुकडे पडतात.

दुधाची निवड मी मुद्दाम शेवटी घेतली, कारण हातात सगळं नीट असूनही काहींचं पनीर चिवटच होतं. त्याचं कारण पिशवीवर लिहिलेलं असतं. स्निग्धांशाचे कण प्रथिनांच्या धाग्यांमध्ये बसतात आणि त्यांना एकमेकांत पूर्ण गुंतू देत नाहीत. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के, प्रथिनंही जवळपास तितकीच. डबल टोन्डमध्ये स्निग्धांश १.५ टक्का. तिथे जाळं मोकळेपणी आवळतं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसारही नुसत्या ‘पनीर’ या नावाने विकायच्या पदार्थात कोरड्या घटकांपैकी निदान निम्मा स्निग्धांश लागतो आणि पाणी ६० टक्क्यांहून जास्त चालत नाही. तब्येतीसाठी कमी फॅटचं पनीर करायचं असेल तर जरूर करावं, पण त्याचे तळलेले चौकोनी तुकडे मऊ होतील ही अपेक्षा ठेवू नये. ते कुस्करून वापरावं.

पनीर उत्तम जमलं आणि कढईत बिघडलं, असंही होतं. आम्लाने केलेलं पनीर तापवल्यावर वितळत नाही, पाणी सोडत राहतं. तुकडे खरपूस तळले की बाहेरचा थर सुकतो आणि मग रश्श्यात पंधरा मिनिटं शिजवले की आतलाही आवळतो. तळायचेच असतील तर फिकट सोनेरी रंगावर काढून लगेच कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं टाकावेत. त्यामुळे सुकलेला बाहेरचा थर ओलावतो आणि मीठ आत शिरतं. रस्सा पूर्ण शिजल्यावर ते शेवटची दोन-तीन मिनिटं घालावेत. वडी मुळातच चामट झाली असेल, तर गरम पाण्यात ठेवल्याने ती तेवढ्यापुरती मऊ वाटते, निवली की पुन्हा तशीच. अशी वडी किसून भुर्जीत किंवा पराठ्यात घालावी. किसल्यावर धागे तुटतात आणि दाताला काम उरत नाही.