जीन्सच्या लेबलवरचे दोन टक्के

माझ्या भाचीने ऑनलाइन मागवलेली जीन्स मांडीच्या वर सरकेचना. आधीची जीन्स ३० नंबरची, ती छान बसत होती, म्हणून तिने त्याच ब्रँडची, त्याच रंगाची ३० नंबरचीच मागवली होती. तिला वाटलं, आपणच जाड झालो. मी दोन्ही जीन्स उलट्या करून आतल्या डाव्या शिवणीतली पांढरी पट्टी शोधली. जुनीवर लिहिलं होतं: ९८ टक्के कॉटन, २ टक्के इलॅस्टेन. नवीवर: १०० टक्के कॉटन. सगळा घोळ त्या दोन टक्क्यांत होता. विशेष म्हणजे ही माहिती ऑर्डर देण्याआधीही पानावर खाली, ‘मटेरियल’ या शब्दापुढे दिलेली होती.

इलॅस्टेन, स्पॅन्डेक्स आणि आपण दुकानात म्हणतो ते लायक्रा ही एकाच धाग्याची नावं. लायक्रा हे त्यातलं एका ब्रँडचं नाव, पण आपल्याकडे तेच रूढ झालं. १९५८ साली अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने हा धागा तयार केला. तो मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणला जातो आणि सोडला की परत येतो. एवढी ताकद असल्यामुळे कापडात तो अगदी थोडा लागतो.

लेबलवरचे टक्के वजनाचे असतात, ताणाचे नसतात. साधारण ६०० ग्रॅमच्या जीन्समध्ये दोन टक्के म्हणजे १२ ग्रॅम धागा. तोही बहुतेक वेळा कापडाच्या आडव्या धाग्यातच असतो: मधोमध बारीक लायक्रा आणि भोवती गुंडाळलेला कापूस. त्यामुळे दोन टक्के लायक्रा असलेलं कापड दोन टक्केच ताणतं असं नाही. ते वीस-पंचवीस टक्केही ताणतं. वीण घट्ट असेल तर तेच दोन टक्के पंधरावरच अडतात, सैल असेल तर तिशीपर्यंत जातात. लायक्रा किती आहे यावरून अंदाज बांधता येतो, नेमका ताण कळत नाही. अंदाज असा: एक टक्का म्हणजे थोडी सवलत, दोन-तीन म्हणजे खरी स्ट्रेच, चार-पाच म्हणजे अंगाला चिकटणारी.

आता ‘आडव्या धाग्यात’ या शब्दांकडे पुन्हा बघा, कारण नंबर चुकण्याचं निम्मं कारण तिथे आहे. कापड आडवं ताणतं, उभं नाही. म्हणजे सीट आणि मांडीला सैलपणा मिळतो, लांबीला आणि आसनाला मिळत नाही. कमरेचा बेल्टही बहुतेक जीन्समध्ये उभ्या धाग्यावर कापलेला आणि दुहेरी असतो, त्यामुळे तो फारसा ताणत नाही. आसन आखूड असेल तर पाच टक्के लायक्रासुद्धा वाचवत नाही, बसलं की मागून जीन्स खाली ओढली जातेच. म्हणून स्ट्रेच जीन्समध्येही कंबर आणि आसन यांची मापं खरी जुळावी लागतात. सूट मिळते ती फक्त सीट आणि मांडीला.

घरात स्ट्रेच जीन्स असेल तर तिचा ताण पाच मिनिटांत मोजता येतो. मांडीवरचं कापड शिवणीपासून दूर, आडवं धरायचं. दहा सेंटिमीटर मोजून दोन टाचण्या लावायच्या. एक टाचणी पट्टीच्या शून्यावर धरून दुसरी बाजू ओढायची. जोर लावायचा नाही, कापड ‘पुरे’ म्हणेल तिथे थांबायचं. भाचीच्या जुन्या जीन्सची दुसरी टाचणी साडेबारावर आली, म्हणजे ताण पंचवीस टक्के. दहा सेकंद तसंच धरून सोडलं आणि मिनिटभराने पुन्हा मोजलं तर दोन टाचण्यांत १०.३ सेंटिमीटर अंतर होतं. हे वरचे तीन मिलिमीटर म्हणजे कापड परत न आलेलं. दहा सेंटिमीटरला ते नगण्य वाटतात, पण साडेसदतीस इंचांच्या सीटला याच हिशेबाने इंचाहून जास्त होतात. संध्याकाळी जीन्स ढिली वाटते ती यामुळे.

या ताणातला अर्धाच मी हिशेबात धरते. पंचवीस टक्के असेल तर साडेबारा. त्यापुढे कापड जातं, पण मांडीवर वळ उठतात, शिवणी ताणाखाली राहतात आणि रोजच्या वापरात लायक्राचे धागे तुटत जातात. गुडघ्यावर किंवा सीटवर बारीक पांढरे केस निघाल्यासारखं दिसू लागलं की समजावं, लायक्रा तुटून बाहेर आलाय.

टेप घेतला आणि भाचीची मापं काढली. कंबर ३१ इंच, सीट ४०, मांडी २३. मग तिला खुर्चीत बसवून सीट पुन्हा मोजली, तर ४२ भरली. बसल्यावरचं हे माप कुणी घेत नाही, पण दिवसातले आठ तास आपण बसलेलेच असतो. आता त्या ब्रँडच्या साइजच्या तक्त्यातली कपड्याची मापं. ३० नंबर: कंबर ३१, सीट साडेसदतीस, मांडी साडेएकवीस. ३२ नंबर: कंबर ३३, सीट साडेएकोणचाळीस, मांडी पावणेतेवीस. ३४ नंबर: कंबर ३५, सीट साडेएकेचाळीस, मांडी २४.

दोन टक्के लायक्राची ३० नंबरची जीन्स घ्या. उभं असताना साडेसदतीसच्या सीटला अडीच इंच जास्त लागतात, म्हणजे जेमतेम सात टक्के. बसल्यावर साडेचार इंच, म्हणजे बारा टक्के. मांडीला दीड इंच, म्हणजे सात टक्के. सगळं साडेबाराच्या आत, आणि कंबर बरोबर ३१. म्हणून ती जीन्स तिला छान बसत होती. तीच ३० नंबरची जीन्स एक टक्का लायक्राची असती आणि कापड बारा टक्केच ताणणारं असतं, तर हिशेबात सहाच धरता आले असते. मग एक नंबर वर, ३२ घ्यावी लागली असती.

शंभर टक्के कॉटनमध्ये ताण शून्य धरायचा. उलट, हलता-बसता यावं म्हणून अंगापेक्षा इंच-दीड इंच जास्त लागतो. म्हणजे सीट निदान ४१ हवी, आणि ती मिळते ३४ नंबरला. एकाच ब्रँडमध्ये, एकाच मुलीला, एका कापडात ३० आणि दुसऱ्यात ३४. दोन नंबरांचा फरक, आणि वजन तेवढंच.

मात्र या हिशेबाआधी एक गोष्ट पाहायलाच हवी: तक्त्यातली मापं अंगाची आहेत की कपड्याची? अंगाची असतील तर कंपनीने ताणाचा विचार आधीच केलेला असतो. आपण पुन्हा एक नंबर खाली उतरलो तर दुहेरी वजाबाकी होते आणि जीन्स घट्ट येते. ओळखायची खूण सोपी आहे. त्याच ब्रँडची एक बिनस्ट्रेच आणि एक स्ट्रेच अशा दोन जीन्सचे तक्ते शेजारी उघडा. दोन्हींत ३० नंबरला तेच आकडे असतील तर ती अंगाची मापं. आकडे वेगळे असतील किंवा मोहरी, आसन, आतली लांबी असे रकाने दिले असतील तर कपड्याची. काही ठिकाणी कपडा सपाट ठेवून अर्धं माप देतात, ते दुप्पट करायचं. तक्ता अंगाचा निघाला तर आपल्या मापाचाच नंबर घ्यावा. दोन नंबरांच्या मध्ये अडकलात तरच कापडाचा घटक निर्णय देतो.

तो निर्णय देताना लायक्राशिवाय दुसरं काय मिसळलंय ते वाचा. कापूस स्वतः परत येणारा धागा नाही. कॉटन आणि लायक्रा एवढंच असलेली जीन्स दोन-तीन वेळा घातली की सैल पडते आणि धुतली की पुन्हा आवळते. अशा जीन्सचा खालचा नंबर घ्यावा. पहिल्या दिवशी बटण लावताना थोडा श्वास ओढावा लागला तरी चालतं. पॉलिएस्टर ताणून परत येतो. लेबलवर पंधरा-वीस टक्के पॉलिएस्टर असेल तर जीन्स दुकानात जशी होती तशीच राहते, ‘घालून घालून सैल होईल’ ही आशा फोल. तिथे वरचा नंबर. व्हिस्कोस, म्हणजेच रेयॉन, भरपूर असेल तर कापड मऊ लागतं पण पसरतं, म्हणून पुन्हा खालचा नंबर. कधी लेबलवर लायक्रा दिसतच नाही आणि ‘इलास्टोमल्टीएस्टर’ असा लांबलचक शब्द असतो. तो ताणणारा पॉलिएस्टर आहे, त्या जीन्सला बिनस्ट्रेच समजू नका.

हे सगळं हातमागासारख्या उभ्या-आडव्या धाग्यांच्या कापडाला लागू पडतं. टी-शर्ट, लेगिंग यांचं होजिअरी कापड फाशांचं असतं. ते शंभर टक्के कॉटनचं असलं तरी ताणतं, त्यामुळे तिथे फक्त लेबल वाचून काही ठरवता येत नाही.

भाचीचं मन मात्र बिनस्ट्रेच जीन्सवरच होतं, तिचा पडच तिला आवडला होता. ३४ नंबर घेऊन कंबर आत घ्यायची असं आम्ही ठरवलं आणि आमच्या शिंप्याकडे विचारायला गेलो. त्यांनी मापं ऐकली आणि मान हलवली. कंबर ३५ची ३१ म्हणजे मागच्या मधल्या शिवणीतून चार इंच काढायचे. “दोन इंच काढले तर चालतं,” ते म्हणाले, “त्यापुढे मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटतात ताई, आणि सीटचा आकार बिघडतो.” शेवटी आम्ही त्याच कापडात, कमरेला कमी आणि सीटला जास्त अशा कटिंगची जीन्स शोधली. तिच्या ३२ नंबरला कंबर साडेएकतीस होती, सीट एकेचाळीस आणि मांडी साडेतेवीस. ती मागवली.