मुक्त परवाना आणि विक्रेत्याची बंधने

मुक्त परवाना म्हणजे बंधनांचा अभाव, असा समज अनेकदा आढळतो; तो यथार्थ नव्हे. ‘लोहित देवनागरी’ या फाँटचेच उदाहरण घेऊ. पूर्वी जीपीएल परवान्याखाली असलेला हा फाँट २०११ साली ‘ओपन फाँट लायसन्स’खाली आला.

समजा, एखादी कंपनी मराठी शब्दकोशाचे अ‍ॅप विक्रीस काढते, त्यात हा फाँट अंतर्भूत करते आणि ‘ऱ्य’चे वळण बदलते. अ‍ॅपची स्वतःची आज्ञावली उघड करण्याचे बंधन या परवान्यामुळे तिच्यावर येत नाही. मात्र फाँट सुटा विकता येत नाही. प्रत्येक प्रतीसोबत स्वामित्वाची सूचना आणि परवान्याचा मजकूर द्यावा लागतो. बदललेला फाँटही त्याच परवान्याखाली ठेवावा लागतो आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असल्यास त्यास निराळे नाव द्यावे लागते.

यांपैकी एक जरी अट मोडली, तरी परवानाच निरर्थक ठरतो; मग वितरित केलेली प्रत्येक प्रत स्वामित्वभंगाच्या कक्षेत येते. फाँट वापरून लिहिलेल्या मजकुरावर मात्र हा परवाना लागू होत नाही. बंधन असते ते अक्षराच्या फाँटवर, त्यातून लिहिलेल्या लेखनावर नव्हे, हा भेद येथे ध्यानी घ्यावयाचा.