वेस्संतराचं दान चांगलं होतं का?

अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात वेस्संतर जातक रंगवलेलं आहे. दानाचं व्रत घेतलेला हा राजपुत्र पाऊस आणणारा पांढरा हत्ती दुष्काळामुळे तो मागायला आलेल्यांना देऊन टाकतो आणि प्रजेच्या रोषामुळे वनवासात जातो. तिथे जूजक नावाचा ब्राह्मण चाकरीसाठी त्याची मुलंच मागतो. जाली आणि कण्हाजिना ही दोन्ही लेकरं वेस्संतर देऊन टाकतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात मिलिंद राजा नागसेनाला हेच विचारतो : दुसऱ्याला दुःखात लोटणारं दान चांगलं कसं? नैतिक विशिष्टवाद समजून घ्यायला ही कथा फार उपयोगी आहे.

गैरसमज : विशिष्टवाद म्हणजे ज्याला जे वाटेल ते बरोबर.

तसं अजिबात नाही. या मताचे प्रमुख पुरस्कर्ते, ब्रिटिश तत्त्वज्ञ जोनाथन डॅन्सी, प्रत्येक प्रसंगात बरोबर-चूक असतं असंच मानतात. त्यांचा आक्षेप एवढाच की ते ठरवायला सर्वत्र लागू पडणारं तत्त्व लागत नाही. एका प्रसंगी जी गोष्ट कृतीच्या बाजूने बोलते, तीच दुसऱ्या प्रसंगी गप्प बसेल किंवा उलटही बोलेल. भुकेल्याला अन्न देताना ‘हे दान आहे’ हे चांगलं कारण आहे. रडणारी लेकरं जूजकाच्या हाती देताना त्याच शब्दांना काही वजन उरतं का?

गैरसमज : तत्त्ववादी डोळे मिटून नियम लावतात.

डब्ल्यू. डी. रॉस यांनी 1930 मध्येच कर्तव्यांची टक्कर मान्य केली होती. त्यांच्या मते परोपकार नेहमीच जमेच्या बाजूला धरायचा. मात्र मुलांना इजा न करण्याचं कर्तव्य त्यावर मात करू शकतं. खरा फरक नकारानंतर दिसतो. वेस्संतराने नाही म्हटलं असतं, तर रॉस यांच्या हिशेबात जूजकाचं काहीतरी देणं उरतं, निदान दुसरी मदत तरी. डॅन्सींच्या बाजूने पाहिलं तर कदाचित काहीच उरत नाही, कारण अशा मागणीला मुळात वजनच नव्हतं.

गैरसमज : आंबेडकरांनी नियम नाकारले, म्हणजे ते विशिष्टवादी.

नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय ज्यांच्या संस्थेने 1950 मध्ये सुरू केलं, त्या बाबासाहेबांनी 1936 च्या ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये नियम आणि तत्त्व वेगळे केले. नियम काय करायचं ते सांगतो. तत्त्व विचार कसा करायचा ते दाखवतं आणि जबाबदारी माणसावर ठेवतं. तत्त्वांवर त्यांचा भरवसा होता.

तत्त्ववाद्याकडे अजून एक उत्तर आहे : ‘जे आपलं आहे तेच द्यावं’ असं तत्त्व नीट मांडा, मुलं कुणाच्या मालकीची नसतात. मला हे उत्तर बळकट वाटतं. पण पांढरा हत्ती राजपुत्राचा होता की राज्याचा, हे या सुधारित तत्त्वातून कळत नाही. त्यासाठी पुन्हा त्या राज्याकडे, त्या दुष्काळाकडे आणि हत्ती मागायला आलेल्या माणसांकडेच बघावं लागतं.