माळ किती रुपयांना विकावी?
दसऱ्याच्या फूलविक्रीचा हिशेब : उरलेल्या मालाची किंमत कोण भरतो?

कापडाच्या धंद्यात आमची एक सोय असते. सणाला न खपलेला तागा आम्ही घडी करून ठेवतो. तो लग्नसराईत निघतो, नाहीतर कटपीस म्हणून जातो. नफा कमी होतो, पण माल मरत नाही. फुलांच्या धंद्यात ही सोय नाही. दसऱ्याच्या सकाळी तीस-चाळीस रुपयांची असलेली झेंडूची माळ संध्याकाळी दहाला कोणी घेत नाही आणि दुसऱ्या दिवशी तर ती फेकण्याचीही मेहनत करावी लागते. दसरा संपल्यावर दादर आणि कल्याणच्या बाजाराबाहेर झेंडूचे ढीग पडलेले असतात, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्या ढिगांतच या धंद्याचा खरा हिशेब दडलेला आहे.

आपल्या शहापूर-मुरबाड भागात सणापुरता फुलांचा धंदा करणारे पुष्कळ आहेत. एरवी कोणी रिक्षा चालवतो, कोणी वेल्डिंग करतो. नवरात्र संपत आले की गाठीला असलेले चार पैसे ते फुलांत घालतात. माझ्या ओळखीच्या अशाच एका तरुणाने मागे एका दसऱ्याला आटगावला, तानसा धरणाकडे रस्ता वळतो त्या बाजूला, माळांचे दुकान लावले होते. जागा चांगली होती. नाशिक महामार्गावरचे ट्रक, टेम्पो, जवळची गॅरेजे आणि आसनगावचे कारखाने, सगळ्यांना त्या दिवशी गाडीला आणि यंत्राला माळ लागते. गिऱ्हाईकही आले. तरी रात्री तो माझ्या दुकानात उतरलेल्या चेहऱ्याने आला आणि म्हणाला, "चाचा, दिवसभर विकले, पण पैसा गेला कुठे ते समजत नाही."

मी कागद पुढे ओढला आणि म्हटले, "बेटा, आधी भाव कसा ठरवलास ते सांग."

त्याचा हिशेब

त्याचा हिशेब सरळ होता. झेंडू साठ रुपये किलोने घेतला. एका किलोत तीन माळा होतात. म्हणजे माळेला वीस रुपयांची फुले. दोऱ्याचा एखादा रुपया. माळ तीस रुपयांना विकली की माळेमागे नऊ रुपये सुटतात. दीडशे माळांचे साडेतेराशे रुपये. हा हिशेब ऐकायला चोख वाटतो, आणि सणापुरते बसणारे बहुतेक जण असाच करतात. (झेंडूचा भाव दर सणाला आणि सणाच्या रात्री तासातासाला बदलतो. म्हणून येथील भाव महत्त्वाचा नाही, रीत महत्त्वाची आहे.)

आता झाले काय ते पाहू. त्याने कल्याणच्या फूलबाजारातून ५० किलो झेंडू घेतला, म्हणजे ३,००० रुपये. हमाली आणि आटगावपर्यंत आणण्याचा खर्च ३५० रुपये. पोती सोडल्यावर पाकळ्या गळालेली, दबलेली, काळी पडलेली फुले बाजूला काढली, ती भरली ५ किलो. उरले ४५ किलो. त्याच्या मालाची किलोला साधारण १०० फुले होती आणि माळेत ३० फुले घातली. अशा १५० माळा झाल्या.

म्हणजे "किलोला तीन माळा" हा त्याचा आकडा खरा निघाला, पण खराब फुले जमेस धरूनच. फुले जरा मोठी असती, किलोला ८० भरली असती, तर त्याच पैशात १२० माळाच झाल्या असत्या. झेंडू आपण किलोने घेतो आणि विकतो नगावर. या दोहोंमधला पूल म्हणजे एका किलोतली फुले. म्हणून भाव ठरवण्याआधी एक किलो तोलून फुले मोजावीत. त्याला पाच मिनिटे लागतात.

पावसाकडेही लक्ष हवे. दसऱ्याच्या सुमारास परतीचा पाऊस असतो. भिजलेल्या फुलांत आपण पाण्याचेही पैसे मोजतो, आणि तीच फुले लवकर सडतात. पोत्याच्या मधोमध हात घालावा. आत ऊब लागली तर माल तापू लागला आहे. फूल उलटे करून देठाकडचा हिरवा भाग पाहावा. तो काळपट असेल आणि झटकल्यावर पाकळ्या सुटत असतील, तर भाव कितीही कमी असला तरी तो माल स्वस्त नाही.

पुढचा खर्च असा. दोरा ९० रुपये. आंब्याची पाने, जी आपल्याच भागातल्या आदिवासी बायका जंगलातून आणून विकतात, ती १५० रुपयांची. जागा, प्लास्टिक, दिवा आणि चहा मिळून २१० रुपये. राहिली मजुरी. घरातल्या बायकांनी आणि मुलींनी रात्र जागून माळा ओवल्या. त्याने त्याचा एक पैसाही धरला नव्हता. मी विचारले, "घरात कोणी नसते तर?" तो म्हणाला, "मग माळेला चार रुपये देऊन ओवून घ्याव्या लागल्या असत्या." म्हणजे दीडशे माळांचे ६०० रुपये. तासाला बाराएक माळा होतात, तेव्हा ही रोजंदारीपेक्षा काही जास्त मजुरी नव्हे. घरच्यांचे काम फुकट धरले की माळ स्वस्त दिसते, पण ती स्वस्त होत नाही. फरक एवढाच की तो पैसा घरातल्यांच्या हातून जातो.

सगळी बेरीज ४,४०० रुपये. दीडशेने भागले तर माळ २९ रुपयांच्या वर पडते. तो विकत होता तीसला. म्हणजे सगळ्या माळा खपल्या असत्या तरी हाती काहीच राहत नव्हते.

आणि सगळ्या खपल्या नाहीत

दुपारपर्यंत तीस रुपयांनी १०० माळा गेल्या. पूजा आटोपल्या आणि रस्ता ओस पडला. संध्याकाळी २० माळा दहा-दहा रुपयांना काढल्या. ३० माळा तशाच राहिल्या. एकूण आले ३,२०० रुपये. घरच्यांची मजुरी तर बुडालीच, वर खिशातले ६०० रुपये गेले.

आता मुख्य मुद्दा. खर्च ओवलेल्या माळांवर वाटायचा नसतो, पूर्ण भावाने खपणाऱ्या माळांवर वाटायचा असतो. उरलेली माळ स्वतःचा खर्च भरू शकत नाही. तो विकलेल्या माळेनेच भरावा लागतो. ४,४०० मधून संध्याकाळचे २०० वजा केले तर ४,२०० उरतात. ते १०० माळांवर वाटले की माळ पडते ४२ रुपयांना. वीस नव्हे, एकोणतीसही नव्हे, बेचाळीस. त्याने ती पन्नासला विकली असती तर ८०० रुपये सुटले असते, आणि रात्रभर बाजारात व दिवसभर रस्त्यावर घालवलेल्या वेळेची ती साधारण मजुरी झाली असती.

तो लगेच म्हणाला, "पण चाचा, पन्नासला कोण घेणार? शेजारचा चाळीसला देतो." त्याचे म्हणणे बरोबर होते. गिऱ्हाईक आपला खर्च बघत नाही, शेजारच्या दुकानातला भाव बघते. म्हणून उरलेल्या मालाचा खर्च नुसता भावावर चढवून भागत नाही. तो मुळातच कमी करावा लागतो.

दहा किलो कमी घेतले असते तर

मी तोच कागद उलटा केला. समजा त्याने ५० ऐवजी ४० किलो घेतले असते. फुलांचे २,४०० रुपये. वाहतूक आणि जागेचा खर्च तेवढाच, ३५० आणि २१०. दोरा ७२, पाने १२०, मजुरी ४८०. एकूण ३,६३२ रुपये आणि माळा १२०. विक्री तीच, दुपारपर्यंत १०० आणि संध्याकाळी २०. संध्याकाळचे २०० वजा करून शंभरावर वाटले तर माळ ३४ रुपयांना पडते.

व्यापाऱ्याने भाव एक पैसाही कमी केला नाही, तरी माळ बेचाळीसवरून चौतीसवर आली. ते आठ रुपये म्हणजे फेकलेल्या तीस माळांचा बोजा, जो प्रत्येक विकलेल्या माळेच्या मानेवर होता. आता शेजाऱ्याच्या चाळीसच्या भावात विकूनही पाचशेच्या वर सुटतात. किलोमागे दोन रुपये कमी करून घेण्यासाठी आपण बाजारात तासभर घासाघीस करतो. पण खरा पैसा किती किलो घ्यायचे या प्रश्नात असतो.

अर्थात १२० माळाच खपतील हे आधी कोणाला कळते? नेमके कळत नाही, पण मर्यादा ठरवता येते. दहा किलो जादा घेतल्यावर वरची प्रत्येक माळ फुले, दोरा, पाने आणि मजुरी मिळून सुमारे २६ रुपयांना पडते. ती चाळीसला खपली तर १४ रुपये मिळतात. फेकली तर २६ जातात. म्हणजे एक फेकलेली माळ जवळजवळ दोन विकलेल्या माळांची कमाई खाते. तेव्हा ती वरची माळ तीन वर्षांतून दोन वर्षे पूर्ण भावाने खपते असा अनुभव असेल, तरच तेवढा माल उचलावा. यासाठी वहीत दर सणाला तीनच आकडे लिहावेत : किती माळा केल्या, दुपारपर्यंत किती गेल्या, रात्री किती उरल्या.

सगळी फुले ओवू नयेत

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली. दोन तृतीयांश माळा रात्री ओवाव्यात आणि बाकीची फुले सुटी ठेवावीत. ती पोत्यात दाबून न ठेवता सावलीत पातळ पसरावीत. गर्दी पाहून दुकानावरच ओवत जावे. फूल सुटे राहिले तर ते पाव किलो, अर्धा किलोने रांगोळीसाठी किंवा घरी माळ करणाऱ्याला विकता येते, आणि मजुरी, दोरा व पाने यांचे माळेमागे साडेपाच रुपये तरी वाचतात. ओवलेली माळ मात्र संध्याकाळी मिळेल त्या भावाला सोडावी. तिचा खर्च होऊन गेलेला असतो. पण भाव दुपारची गर्दी सरल्याशिवाय उतरवू नये, नाहीतर सकाळचे गिऱ्हाईकच थांबून राहते.

दिवाळीला हे गणित थोडे सौम्य होते. लक्ष्मीपूजनाला उरलेले चांगले सुटे फूल पाडव्याला चालते. दसरा एकाच दिवसाचा असतो. उलट लग्नाचा सेहरा किंवा दर्ग्याची फुलांची चादर मागणीवर, आगाऊ रक्कम घेऊन बनते. तेथे उरण्याचा प्रश्न नाही, म्हणून कमी नफ्यातही ते काम परवडते. फूल तेच, पण भाव ठरवण्याची रीत वेगळी.

पुढच्या दसऱ्याला तो तरुण बाजारात निघाला तेव्हा त्याच्या खिशात तो कागद होता. त्याने ४० किलो घेतले आणि माळ चाळीसला विकली. दुपारी दोन वाजता त्याचा माल संपला आणि चार-सहा गिऱ्हाईके रिकामी परत गेली. त्याला वाईट वाटले. मी म्हटले, "ती सहा गिऱ्हाईके वहीत लिहून ठेव. पुढच्या वर्षी दोन किलो जास्त घे, दहा नको."