अग्रलेख वर्गात वाचताना : प्रश्नचिन्हांचं काय करायचं?

आज अग्रलेखातल्या आकडेवारीबद्दल लिहिणार होतो, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. बारावीला मराठी शिकवणाऱ्या एका बाईंच्या पत्राने विषय बदलला. तीन रंगांच्या पेन्सिलींचा खेळ त्यांनी वर्गात करून पाहिला. वस्तुस्थितीला निळी, मताला लाल आणि युक्तिवादाला हिरवी रेघ. मुलांनी रेघा मारल्या, पण प्रश्नार्थक वाक्यं सगळ्यांनी कोरी सोडली. ‘प्रश्न म्हणजे माहितीही नाही आणि मतही नाही,’ असं मुलांचं म्हणणं. बाई विचारतात, यांना कुठला रंग द्यायचा?

हा माझा फार आवडता विषय आहे. मराठी अग्रलेखात लेखकाचं सगळ्यात ठाम मत पुष्कळदा प्रश्नाच्या रूपात येतं, आणि मुलं नेमकं तेच वाक्य सोडून देतात.

६ जुलै १८९७च्या ‘केसरी’तला अग्रलेख घ्या : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ पहिलं काम म्हणजे प्रश्नाचं विधान करायचं. ‘सरकारचे डोके ठिकाणावर नाही.’ आता लाल रेघ कुठे मारायची, हे सांगावं लागत नाही. पण इथे थांबू नका. हे नुसतं मत आहे की त्याला आधार आहे, हे मुलांना शोधायला लावा.

त्यासाठी त्या सुमाराच्या घटना फळ्यावर लिहा. २२ जूनच्या रात्री पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली आणि ३ जुलैला तो मेला. सरकारने पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहरावर टाकला. ही निळी वाक्यं. यांच्यापासून ‘डोके ठिकाणावर नाही’ इथवर पोचायला मध्ये एक वाक्य कमी पडतं, ते मुलांकडून वदवून घ्या. साधारण असं निघतं : एकाने गुन्हा केला म्हणून सगळ्या गावाला शिक्षा करणं हे शहाण्या सरकारचं काम नाही. वाद घालायचा तर या मधल्या वाक्याशी घालायचा. सरकारची बाजू घेणारा म्हणेल, ही शिक्षा नाही, खबरदारी आहे. मग भांडण नेमकं कशावरून आहे, ते वर्गाला दिसतं. गंमत म्हणजे लगोलग आलेल्या अग्रलेखाचा मथळा आहे ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’. आधीच्या मथळ्याच्या प्रश्नामागे उभं असलेलं तत्त्वच इथे विधान होऊन आलं आहे. दोन्ही मथळे शेजारीशेजारी लिहा.

या उदाहरणात मुलं दोन ठिकाणी हमखास घसरतात. पहिली घसरण म्हणजे चापेकरांना मध्ये आणणं. जुलैच्या सुरुवातीला गोळी कोणी झाडली हे उघड झालेलं नव्हतं. दामोदर चापेकरांना पकडलं ते त्यानंतर काही महिन्यांनी. लेख लिहिला त्या दिवशी लेखकाला आणि वाचकाला काय माहीत होतं, तेवढ्याच निळ्या रेघा धरायच्या. दुसरी घसरण, ‘याच अग्रलेखामुळे टिळकांना शिक्षा झाली’ हे वाक्य. तेही निळं समजून लिहिलं जातं, पण तपासल्यावर टिकत नाही. १८९७च्या खटल्यात आरोप होता तो १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर, म्हणजे गोळीबाराच्याही आधीच्या.

आता बाईंच्या पत्रातली खरी अडचण. प्रत्येक प्रश्न असा नसतो. समजा, अग्रलेखात लिहिलं आहे : ‘पाणीपट्टी वाढवून महापालिकेला किती उत्पन्न मिळणार?’ हा खरा प्रश्न असू शकतो. ओळखायची खूण अशी : लेखक पुढे उत्तर शोधतो का, आणि वाचकाने उलट उत्तर दिलं तरी लेख उभा राहतो का, ते पाहायचं. पुढच्या परिच्छेदात हिशेब मांडला असेल, तर प्रश्न खरा. पण ‘नळाला पाणीच नसताना पट्टी वाढवणं कितपत शहाणपणाचं?’ याला कोणी ‘पुष्कळ शहाणपणाचं’ म्हटलं, तर सगळा लेखच कोसळतो. इथे ‘कितपत’ने काहीच मोजायचं नाही, उत्तर आधीच ठरलेलं आहे. लाल रेघ.

अशा वाक्यात आणखी एक गोष्ट पाहा. ‘नळाला पाणीच नसताना’ हा दावा प्रश्नाच्या पोटात बसून आला आहे. कुठल्या भागात, किती दिवस पाणी नाही, हे लेखात आलंच नसेल, तर त्या तीन शब्दांखाली निळी रेघ मारून समोर ‘पुरावा?’ असं लिहायचं. म्हणजे एकाच वाक्यात दोन रंग येतात. येऊ द्यात. मुलं विचारतील, मग मार्क कशाला द्यायचे? मी तरी विधानात केलेल्या रूपांतराला आणि पोटातला दावा शोधण्याला वेगवेगळे मार्क देतो.

पुढच्या आठवड्यात आकडेवारी, टक्क्यांपासून सुरुवात.